म्हातारा बैल आणि दोन निकाल

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले भेटली की राज्यघटनेवरचा एक प्रश्न हमखास निघतो : मूलभूत हक्क मोठे की मार्गदर्शक तत्त्वे? गाइडमध्ये उत्तर दोन रकान्यांत छापलेले असते. एकीकडे भाग तीन, कलम 12 ते 35, न्यायालयात दाद मागता येते. दुसरीकडे भाग चार, कलम 36 ते 51, दाद मागता येत नाही. हे बरोबर आहे आणि एका गुणाच्या प्रश्नाला पुरतेही. पण न्यायालयात दाद मागता येत नाही असे एखादे तत्त्व माणसाचा पिढीजात धंदा कसे बंद करू शकते, हे त्या तक्त्यातून कळत नाही. ते समजून घ्यायचे असेल, तर मी एकच कलम धरून इतिहास वाचायला सांगतो. ते कलम म्हणजे 48.

संविधान सभेत 24 नोव्हेंबर 1948 रोजी पंडित ठाकुरदास भार्गव यांनी गोवंश रक्षणाची दुरुस्ती मांडली. हा विषय मूलभूत हक्कांत घालावा अशी अनेकांची मागणी होती. आपल्यावर सक्ती झाली असे बिगरहिंदूंना वाटू नये, म्हणून आपण तो मार्गदर्शक तत्त्वांत ठेवत आहोत, असा भार्गवांचा खुलासा होता. त्या चर्चेत दोन मुस्लिम सदस्य बोलले. संयुक्त प्रांताचे झेड. एच. लारी म्हणाले की बहुमताला बंदी हवी असेल तर ती स्पष्ट शब्दांत लिहा, म्हणजे मुसलमानांना आपली जागा नेमकी कळेल. गोष्ट मोघम ठेवू नका. आसामचे सय्यद मुहम्मद सादुल्ला यांचे म्हणणे असे, की कारण धार्मिक असेल तर तसे सांगा. ते अर्थशास्त्राच्या आडून आणले तर संशय वाढेल.

शेवटी जे कलम तयार झाले त्याची भाषा शेतीचीच होती. राज्याने शेती व पशुपालन आधुनिक आणि शास्त्रीय पद्धतीने उभारावे, जातींचे जतन व सुधारणा करावी, आणि गाई, वासरे व इतर दुभत्या आणि जुंपणीच्या गुरांच्या कत्तलीला मनाई करण्यासाठी पावले उचलावीत, असा त्याचा आशय आहे. यातले ‘दुभत्या आणि जुंपणीच्या’ हे शब्द लक्षात ठेवा. पुढची जवळजवळ साठ वर्षे त्यांच्यावरच वाद झाला. ज्या बैलाच्या मानेवर आता जू पेलत नाही, तो जुंपणीचा बैल म्हणायचा की नाही?

1950 च्या दशकात बिहार, उत्तर प्रदेश आणि तेव्हाच्या मध्य प्रदेशात कत्तलबंदीचे कायदे लागू होते. मध्य प्रदेशचा कायदा मूळचा 1949 चा, मध्य प्रांत व वऱ्हाडचा. म्हणजे आपला विदर्भही त्याखाली येत होता. तिन्ही कायद्यांची व्याप्ती सारखी नव्हती, पण कुरेशी समाजातल्या खाटकांच्या धंद्यावर तिन्हींचा घाव बसत होता. त्यांनी कलम 32 खाली थेट सर्वोच्च न्यायालय गाठले. मोहम्मद हनीफ कुरेशी विरुद्ध बिहार राज्य या नावाने ते प्रकरण ओळखले जाते. निकाल 23 एप्रिल 1958 चा. पाच न्यायमूर्तींचे पीठ, आणि निकाल लिहिणारे सरन्यायाधीश एस. आर. दास. 1951 च्या चंपकम दोराईराजन खटल्यात, मार्गदर्शक तत्त्वांनी मूलभूत हक्कांना दुय्यम राहूनच चालले पाहिजे, असे लिहिणारेही हेच न्यायमूर्ती.

सरकारपक्षाने पहिला डाव हा टाकला की कलम 48 हा घटनेचाच आदेश आहे, मग त्याच्या आड हक्क कसे येतील? न्यायालयाने हे मानले नाही. कलम 37 प्रमाणे तत्त्वे अमलात आणणे हे राज्याचे कर्तव्य आहे, पण कलम 13 प्रमाणे मूलभूत हक्क हिरावून घेणारा कायदा करता येत नाही. म्हणून राज्याने तत्त्व जरूर राबवावे, पण हक्क शाबूत ठेवून, असा मेळ न्यायालयाने घातला.

खाटकांचे दोन मुद्दे मात्र टिकले नाहीत. शेळ्यामेंढ्या कापणाऱ्यांना मोकळीक आणि आम्हाला बंदी, हा कलम 14 चा भंग आहे, हे म्हणणे न्यायालयाने फेटाळले. दुसरा मुद्दा बकरी ईदच्या कुर्बानीचा, म्हणजे कलम 25 चा होता. न्यायालयाने नोंदवले की एका माणसामागे एक बकरा किंवा सात जणांमागे एक गाय वा उंट असा पर्याय धर्मशास्त्रातच आहे. जिथे पर्याय आहे तिथे गाय बंधनकारक कशी? शिवाय एखाद्या जाणकार मौलानाचे प्रतिज्ञापत्रही अर्जदारांनी जोडले नव्हते. न्यायालय समोर ठेवलेल्या पुराव्यावर चालते. श्रद्धा कितीही खरी असली तरी ती कागदावर मांडावी लागते.

उरला धंद्याचा हक्क, कलम 19(1)(छ). खरी लढाई इथेच झाली. हा हक्क देणाऱ्या कलमातच 19(6) ची एक खिडकी आहे : सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी या हक्कावर वाजवी निर्बंध घालता येतो. मार्गदर्शक तत्त्व समोरून येऊन हक्क पाडू शकत नाही, पण या खिडकीतून ते आत येते. ‘जनतेचे हित कशात आहे’ याचे उत्तर देताना न्यायाधीश भाग चारकडे पाहतात.

1958 मध्ये न्यायालयाने जनावरांची एकेक करून विभागणी केली. गाय कोणत्याही वयाची असो आणि वासरे, यांवरची पूर्ण बंदी वैध. म्हैस, वळू आणि बैल दूध देताहेत, पैदाशीला किंवा कामाला येताहेत तोवर त्यांच्यावरची बंदीही वैध. पण ही जनावरे निकामी झाल्यावरही कत्तलबंदी ठेवणे अवैध. कारण देशात चारा अपुरा आहे; भाकड जनावर दुभत्या जनावराच्या तोंडचा घास खाते; त्यामुळे अशी बंदी जनतेच्या हिताचीच नाही. म्हाताऱ्या बैलापुरता खाटकाचा हक्क उरला, तो या हिशेबावर.

मग काही राज्यांनी वयाची अट आणली. बैल वीस किंवा पंचवीस वर्षांचा झाल्याशिवाय कापता येणार नाही, असे कायदे झाले. बैलाची उपयुक्तता पंधराव्या वर्षाच्या आसपास संपते आणि फारच थोडे बैल त्या वयापर्यंत जगतात. म्हणजे कागदावर परवानगी आणि प्रत्यक्षात बंदी. अब्दुल हकीम कुरेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही वयोमर्यादाही अवाजवी ठरवली.

यानंतर घटनेच्या अर्थातच बदल झाले. 1973 च्या केशवानंद भारती निकालानंतर मार्गदर्शक तत्त्वांकडे दुय्यम म्हणून पाहणे मागे पडले. 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने पर्यावरणाचे कलम 48क आणि प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी सांगणारे मूलभूत कर्तव्य 51क(छ) घातले. त्याच दुरुस्तीने कोणत्याही मार्गदर्शक तत्त्वासाठी केलेल्या कायद्याला कलम 14 आणि 19 पासून संरक्षण दिले होते. 1980 च्या मिनर्व्हा मिल्स निकालात न्यायालयाने ते संरक्षण रद्द केले. या निकालाचे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड आपल्या पुण्याचे. हक्क आणि तत्त्वे यांचा तोल हा घटनेचा पाया आहे, असे त्यांनी मांडले. आज कलम 31क नंतर येणाऱ्या 31ग चे ते संरक्षण फक्त 39(ख) आणि 39(ग) या दोन तत्त्वांना आहे. कलम 48 ला ते नाही. त्याला अजूनही 19(6) च्या खिडकीतूनच यावे लागते.

ते पुन्हा आले गुजरातमधून. तिथे 1994 च्या दुरुस्तीने कोणत्याही वयाच्या वळू-बैलांच्या कत्तलीवर बंदी घातली. उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींपुढे गेले. पाचांचा निर्णय फिरवायचा तर पीठ मोठे लागते, हे इथे लक्षात घ्या. मिर्झापूर मोती कुरेशी कसाब जमात खटल्याचा निकाल 26 ऑक्टोबर 2005 रोजी सहा विरुद्ध एक असा लागला, आणि बंदी वैध ठरली.

कलम तेच होते, हक्कही तोच, मग उत्तर का बदलले? सरन्यायाधीश लाहोटी यांच्या निकालाची कारणे अशी. बैल काम करेनासा झाला तरी शेण आणि मूत्र देतो, त्याचे खत होते, म्हणून तो निरुपयोगी नाही. चाऱ्याची टंचाई 1958 सारखी राहिलेली नाही. ‘जुंपणीची गुरे’ हे जनावरांच्या वर्गाचे वर्णन आहे. म्हातारपण आले म्हणून जनावर त्या वर्गातून बाहेर पडत नाही. आणि खाटकाला इतर जनावरे कापता येतात, म्हणजे धंदा पूर्ण बंद झालेला नाही, फक्त त्यावर निर्बंध आला आहे. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती माथुर यांना मात्र, इतक्या वर्षांचा स्थिर निर्णय उलटवावा असे परिस्थितीत काही बदललेले दिसले नाही.

मला हा निकाल वाचताना सादुल्लांचे म्हणणे आठवते. कारण आर्थिक म्हणून लिहिले गेले, त्यामुळे 1958 मध्ये आर्थिक हिशेबाने खाटकाला वाचवता आले. पण हिशेबावर उभा असलेला हक्क हिशेब बदलला की पडतो. चारा किती आणि शेणाची किंमत काय, यावर एका समाजाची रोजीरोटी दोनदा ठरली.

महाराष्ट्रात 1976 चा कायदा गाईपुरता होता. 1995 चे दुरुस्ती विधेयक 2015 मध्ये राष्ट्रपतींच्या संमतीनंतर लागू झाले आणि वळू-बैलही त्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे 2016 रोजी कत्तलबंदी कायम ठेवली. 2005 च्या निकालानंतर दुसरे अपेक्षितच नव्हते. पण राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम न्यायालयाने रद्द केले. माणूस घरात काय खातो, हा कलम 21 खालच्या त्याच्या खासगीपणाचा भाग आहे. निर्दोषत्व आरोपीने सिद्ध करावे ही तरतूदही गेली. म्हणजे कलम 48 कत्तलखान्यापर्यंत पोहोचले, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबले.

तेव्हा मुख्य परीक्षेत हा प्रश्न आला तर ‘कोण मोठे’ यात अडकू नका. कायदा कोणत्या हक्काला लागतो ते आधी पाहा. त्या हक्काच्या कलमात निर्बंधाची खिडकी आहे का, ते पाहा. अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या कलम 17 ला अशी खिडकीच नाही, तिथे कोणतेही तत्त्व पुढे करून चालणार नाही. खिडकी असेल तर तत्त्व जनतेच्या हिताचा आधार म्हणून येते. आणि शेवटी, निर्बंधानंतर हक्काचे किती उरते आणि न्यायालयापुढे वस्तुस्थिती कोणती ठेवली गेली, यावर निकाल लागतो. 1958 आणि 2005 हे दोन निकाल शेजारी ठेवून उत्तर लिहा. गाइडमधले दोन रकाने मग आपोआप समजतील.