दरीचा तळ आणि डेव्हिडनचा तक्ता

दाट धुक्यांत एका वाटसरूला दरीचा तळ गांठावयाचा आहे, असें समजा. पायांखालचा उतार तेवढा त्याला कळतो. तीव्र उतार धरून तो चालला, तर लांबट दरींत या काठावरून त्या काठावर हेलकावेच खात राहतो. न्यूटनच्या रीतीनें सरळ वाट सांपडते. पण तिला उताराबरोबर वक्रतेचे आंकडेही, म्हणजे द्वितीय अवकलज, लागतात. अज्ञातें शंभर असलीं, तर हे आंकडे ५०५० होतात.

अमेरिकेंतील आर्गॉन प्रयोगशाळेंत विल्यम डेव्हिडन हे पदार्थविज्ञानवेत्ते १९५५ च्या सुमारास असेंच एक दीर्घ गणित, एकेक अज्ञात पाळीपाळीनें बदलीत, करीत होते. उत्तर हातीं येण्यापूर्वींच यंत्र बंद पडे, असें सांगतात. तेव्हां वाट जवळची करण्याचें त्यांनीं मनावर घेतलें.

वक्रता मोजावयाची नाहीं, चालतां चालतां ओळखावयाची, ही त्यांची युक्ति. व्यस्त वक्रतेचा एक अंदाजी तक्ता जवळ ठेवावा. प्रत्येक पावलानंतर तो असा दुरुस्त करावा कीं, उतारांत पडलेला फरक त्यांत घातला असतां आपण नुकतेंच केलेलें सरकणें बाहेर यावें. हीच छेदिकेची अट. एका पावलानें सारा तक्ता ठरत नाहीं. म्हणून पूर्वीच्या तक्त्यांत थोडीच भर व थोडीच वजाबाकी करावयाची.

उंची क्ष²/२ + २य² अशी एक दरी घ्या. तिचा उतार (क्ष, ४य). (४, १) येथून तीव्र उतारानें निघून त्या रेषेवरील सर्वांत खालच्या जागीं थांबलें, कीं आपण (२.४, -०.६) येथें येतों. पुन्हां तीव्र उतारच धरला, तर (१.४४, ०.३६), प्रत्येक पावलास अंतराचे सहादशांशच उरतात. आतां डेव्हिडनची रीत पाहा. आपण (-१.६, -१.६) सरकलों, उतार (-१.६, -६.४) नें पालटला. एवढ्यावरून तक्ता दुरुस्त केला, कीं पुढची दिशा नेमकी (०, ०) कडे वळते. दुसऱ्याच पावलांत तळ!

खऱ्या दऱ्या इतक्या साध्या नसतात. तथापि तळाजवळ आल्यावर प्रत्येक पावलानंतर उरणारा अंशच शून्याकडे जाऊं लागतो. या शीघ्र गतीला एक पथ्य मात्र आहे: सरकणें व उतारांतील फरक यांचा गुणाकार धन असला पाहिजे. तो ऋण झाला, तर तक्ता बिघडून वाट चढणीला लागूं शकते. तेव्हां त्या पावलाची दुरुस्ती वगळावी.

डेव्हिडननीं १९५९ सालीं हें सारें प्रयोगशाळेच्या अहवालांत लिहिलें. पण तो निबंध छापण्यास स्वीकारला गेला नाहीं. १९६३ सालीं फ्लेचर व पॉवेल यांनीं ती रीत मांडून प्रसिद्ध केली. १९७० सालीं ब्रॉयडन, फ्लेचर, गोल्डफार्ब व शॅनो या चौघांनीं स्वतंत्रपणें तिची अधिक बळकट बहीण शोधली. आज बहुधा तीच वापरतात. मूळ निबंध छापून निघाला तो १९९१ सालीं. तळ दोन पावलांत गांठणाऱ्या त्या रीतीच्या निबंधाला छापखाना गांठावयास बत्तीस वर्षें लागलीं.