हवेतून इंटरनेट की तारेतून? पांढुर्णा-सौंसरच्या घरांपुढील निवड

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन्ही तालुके ऑक्टोबर २०२३ पासून एकाच नव्या जिल्ह्यात आहेत. मात्र घरी इंटरनेट कोणते घ्यावे, हे तालुक्यावरून नव्हे, तर घर नेमके कोठे आहे त्यावरून ठरते. बाजारपेठेतील घराच्या दारापर्यंत फायबरची तार आलेली असू शकते. संत्र्याच्या बागेतील घरापर्यंत ती क्वचितच पोहोचते, कारण एका ग्राहकासाठी दोन-तीन किलोमीटर तार ओढणे कोणत्याही कंपनीला परवडत नाही. अशा घरांसाठी २०२३ मध्ये दुसरा मार्ग खुला झाला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये एअरटेलने आणि सप्टेंबरमध्ये जिओने ‘एअरफायबर’ नावाच्या सेवा काही मोठ्या शहरांत सुरू केल्या आणि पुढे त्यांचा विस्तार केला. नावात फायबर असले तरी घरापर्यंत तार येत नाही. छतावर किंवा खिडकीजवळ बसवलेले यंत्र मोबाइल टॉवरकडून फाइव्ह-जी संकेत घेते आणि घरातील राउटर तो वाय-फायने सर्व खोल्यांत पुरवतो.

दोन्ही सेवांच्या जाहिरातीत वेगाचा आकडा सारखाच दिसू शकतो. फरक आहे तो हा वेग किती जणांत आणि कसा वाटला जातो, यात.

फायबरच्या प्रचलित पद्धतीत कंपनीच्या केंद्रातून निघालेला प्रकाशाचा एक धागा वाटेत फोडून साधारण ३२ किंवा ६४ घरांना दिला जातो. घरांकडे येणारी या धाग्याची एकूण क्षमता सुमारे २,५०० एमबीपीएस असते. म्हणजे बत्तिसाच्या बत्तीस घरे एकाच क्षणी पूर्ण भार टाकू लागली, तरी प्रत्येकाच्या वाट्याला पंचाहत्तरहून अधिक एमबीपीएस येतात. टॉवरचे तसे नाही. टॉवरच्या एका दिशेची क्षमता त्या दिशेतील सर्व घरगुती राउटर आणि सर्व मोबाइल मिळून वापरतात. त्यात दूरचे किंवा आडोशाला असलेले घर तेवढ्याच माहितीसाठी टॉवरचा अधिक वेळ घेते. म्हणून दुपारी दोनला शंभर दाखवणारे जोडणीचे मीटर रात्री नऊला बरेच खाली येऊ शकते. यात बिघाड काही नसतो, गर्दी असते.

दुसरा फरक घरातून बाहेर जाणाऱ्या माहितीचा. फाइव्ह-जीच्या ३,३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पाठवणे आणि घेणे एकाच वाहिनीवर आळीपाळीने चालते आणि वेळेचा मोठा हिस्सा घराकडे येणाऱ्या माहितीला दिलेला असतो. त्यामुळे चित्रपट पाहताना अडचण येत नाही. ऑनलाइन वर्गात आपला चेहरा आणि आवाज समोर पोहोचताना मात्र ती जाणवते. मोठ्या कंपन्यांच्या बहुतेक फायबर योजनांत जाणारा आणि येणारा वेग सारखाच असतो. घरात कोणी नागपूरच्या किंवा पुण्याच्या कचेरीचे काम घरूनच करत असेल, तर हा मुद्दा महिन्याच्या शंभर-दोनशे रुपयांच्या फरकापेक्षा मोठा आहे.

तिसरी बाब मर्यादेची. ‘अमर्याद’ म्हटलेल्या योजनेलाही मर्यादा असते. ती हवेतील सेवेत सामान्यतः महिन्याला १,००० जीबी आणि फायबरमध्ये ३,३०० जीबी ठेवलेली आढळते. ती ओलांडली की वेग नावापुरता उरतो. हजार जीबी म्हणजे खूप, असे वाटते आणि बहुतेक घरांसाठी ते खरेही आहे. दूरदर्शन संचावर रोज पाच तास एचडी चित्र पाहिले, तर तासाला ३ जीबी धरून महिन्याला ४५० जीबी होतात.

आता हाच हिशेब सौंसरजवळच्या बागेतील एका घरासाठी करून पाहू. समजा तेथे फाटक, विहिरीवरचा पंप आणि माल ठेवण्याची खोली यांवर तीन कॅमेरे लावले असून त्यांचे चित्रण चोवीस तास कंपनीच्या सर्व्हरवर जाते. एका कॅमेऱ्याला केवळ १ एमबीपीएस लागतो असे मानले, तरी दिवसाला १०.८ जीबी आणि तीस दिवसांत ३२४ जीबी होतात. तीन कॅमेऱ्यांचे ९७२ जीबी. घरात कोणी टीव्ही लावण्याआधीच मर्यादा जवळपास संपली, आणि तीही जी दिशा टॉवरकडे मुळातच अरुंद आहे त्या दिशेने. उपाय साधा आहे: चित्रण मेमरी कार्डवर किंवा घरातील रेकॉर्डरवर साठवावे आणि हालचाल दिसली तरच बाहेर पाठवावे. कॅमेरे लावणारा कारागीर हे बहुधा आपण होऊन सांगत नाही.

हवेतील सेवा घेण्यापूर्वी जागेची परीक्षा स्वतः करता येते. त्याच कंपनीचे सिम असलेला फाइव्ह-जी मोबाइल घेऊन यंत्र जेथे बसणार तेथे, म्हणजे छतावर, उभे राहावे. अनेक अँड्रॉइड फोनांवर पुढील क्रमांक दाबल्यावर संकेताची माहिती उघडते:

```
*#*#4636#*#*
```

त्यात NR या ओळीतील RSRP हा आकडा पाहावा. तो उणे ८० ते उणे ९० च्या आसपास असेल, तर संकेत चांगला; उणे १०५ च्या खाली असेल, तर सेवा अडखळत चालेल. SINR हा आकडा संकेत किती स्वच्छ आहे ते सांगतो. तो १५ च्या वर असावा. ५ च्या खाली गेल्यास संकेत जोरदार असूनही वेग मिळत नाही. फोनवरच्या दांड्या मोजून मात्र निर्णय घेऊ नये.

पावसाबद्दल एक गैरसमज आहे. या पट्ट्यातील लहरींना पावसाचे थेंब फारसे अडवत नाहीत. अडवतात ती झाडे, विशेषतः ओली पालवी, तसेच सिमेंटचा स्लॅब आणि टिनाचे पत्रे. उन्हाळ्यात विरळ फांद्यांतून टॉवर ‘दिसत’ असेल आणि श्रावणात तीच फांदी भरून आली असेल, तर वेग उतरतो. म्हणून यंत्र पत्र्याखाली न लावता झाडांच्या शेंड्यांहून उंच, टॉवरच्या दिशेने लावून घ्यावे.

फायबरची अडचण वेगळ्या स्वरूपाची असते. गल्लीतील विजेच्या खांबांवरून गेलेली तार उंच भरलेल्या मालट्रकला अडकते, रस्त्याच्या खोदकामात तुटते किंवा घरात कोपऱ्यावर फार दुमडली जाते. तेव्हा सेवा मंदावत नाही, बहुधा बंदच पडते आणि घरातील डबीवर LOS चा लाल दिवा लागतो. हा दिवा दिसला की राउटर पुन्हा पुन्हा बंद-चालू करून उपयोग नसतो. तार जोडणारा माणूसच लागतो आणि तो किती तासांत येतो, हे शेजाऱ्यांना विचारलेले बरे. गावात एखाद्या कंपनीची सेवा स्थानिक भागीदार चालवत असेल, तर सगळी भिस्त त्याच्यावर असते.

वीज गेल्यावर दोन्ही सेवा घरातच थांबतात, कारण राउटरला वीज लागते. फायबरच्या लहान डबीला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस बहुधा पुरतो. छतावरच्या यंत्राला पॉवर देणारा वेगळा अडॅप्टर असतो. त्याचा व्होल्टेज १२ नसेल, तर तो यूपीएस चालत नाही. अडॅप्टरवरील आकडा वाचूनच खरेदी करावी.

तेव्हा शहरातील ज्या गल्लीत फायबरची पेटी आहे आणि दुरुस्ती एका दिवसात होते, तेथे फायबर घ्यावे. बागेतील किंवा वस्तीबाहेरील घराने हवेतील सेवा घ्यावी, पण वर्षभराचे पैसे आधी भरू नयेत. पहिल्या महिन्यात रोज रात्री नऊच्या सुमारास लॅपटॉप राउटरला तारेने जोडून वेग मोजावा आणि येणारा व जाणारा, दोन्ही आकडे वहीत लिहावेत. वाय-फायवर मोजल्यास भिंतींचा दोष कंपनीच्या माथी बसतो आणि तक्रार करताना तो मुद्दा लगेच पुढे केला जातो.