सात वाजताचा मेल

डिसेंबर २०१८
नॉर्वेतल्या नॉर्स्क हायड्रो या ॲल्युमिनियम कंपनीत एका कर्मचाऱ्याने ओळखीच्या ग्राहकाकडून आलेला मेल उघडला. जोडलेल्या फाइलमधून हल्लेखोर आत शिरले. पुढचे तीन महिने कुणालाच पत्ता लागला नाही.

१९ मार्च २०१९, मध्यरात्रीनंतर
लॉकरगोगा हे खंडणीखोर सॉफ्टवेअर कंपनीच्या संगणकांवर सुटलं. फायलींना कुलूप लागलं आणि स्क्रीनवर README_LOCKED.txt नावाची चिठ्ठी उरली. चिठ्ठीत रक्कम नव्हती. जितक्या लवकर संपर्क कराल तितकं स्वस्त पडेल, एवढंच म्हटलं होतं. कंपनीचे ३५ हजार कर्मचारी ४० देशांत पसरलेले. तंत्रज्ञांनी नेटवर्क तोडायला सुरुवात केली.

पहाट
अशा वेळी कर्मचाऱ्यांना कळवायचं काम कुणावर तरी येतं, आणि पहिला मोह होतो थांबण्याचा: आधी नक्की काय झालंय ते कळू दे, मग लिहू. पण पहिल्या मेलची वेळ तपास ठरवत नाही, सकाळची पाळी ठरवते. लोक आले, त्यांनी सवयीने संगणक सुरू केले, की नुकसान वाढतं. म्हणून अर्धवट माहितीवरच लिहावं लागतं.

दुसरा प्रश्न, मेल पोचणार कसा? हायड्रोची मेलसेवा क्लाउडवर होती, त्यामुळे फोनवर आणि टॅबलेटवर ती चालू राहिली. तरीही कंपनीने कार्यालयांच्या दारांवर कागद चिकटवले: कोणतंही उपकरण नेटवर्कला जोडू नका, जोडलेलं सुरू करू नका, फोन-टॅबलेटही नेटवर्कपासून तोडा, पुढच्या सूचनेची वाट पाहा. ज्याने फोन पाहिला नाही, त्याला दाराने अडवलं.

सकाळी ७
त्या सकाळचा मेल मी लिहिला असता तर असा:

> विषय: संगणक सुरू करू नका
>
> कंपनीवर सायबर हल्ला झाला आहे. कार्यालयातला किंवा घरचा, कंपनीचा कोणताही संगणक सुरू करू नका. सुरू असेल तर नेटवर्कची वायर काढा, वाय-फाय बंद करा.
>
> कामावर या. काम कसं करायचं ते तुमचे पाळीप्रमुख सांगतील.
>
> हल्ला किती पसरला आहे, हे आम्ही तपासत आहोत. ग्राहकांनी विचारलं तर एवढंच सांगा: "तांत्रिक अडचण आहे, आम्ही स्वतः फोन करू."
>
> पुढची माहिती ११ वाजता, नवीन काही नसलं तरी. या मेलमध्ये लिंक नाही. आमच्या नावाने लिंक आली तर उघडू नका.

कृती आधी, कारण नंतर. कारण बरेच लोक पहिल्या दोन ओळींपुढे जात नाहीत. शेवटची ओळही मुद्दाम आहे. गोंधळात "पासवर्ड बदला" म्हणणारे खोटे मेल सुटतात.

या मेलमध्ये काय नाही, तेही पाहा. सॉफ्टवेअरचं नाव नाही, कुठलं खातं फुटलं ते नाही, कुठले सर्व्हर वाचले ते नाही. हल्लेखोर अजून आत असेल तर तोही हा मेल वाचतो. शिवाय हायड्रोचे शेअर ऑस्लोच्या बाजारात आहेत. बाजाराला न सांगितलेले तपशील ३५ हजार जणांना देता येत नाहीत. "घाबरू नका" हेही नाही. ते वाचून कुणी शांत होत नाही. काय करायचं ते कळलं की माणूस शांत होतो.

सकाळी ११
दुसऱ्या मेलला उशीर झाला की अफवा ती जागा घेतात. आता सांगण्यासारखं थोडं जास्त असतं. हायड्रोचे जलविद्युत प्रकल्प नेहमीसारखे चालू होते. भट्ट्यांचं काम हाताने चालवायला घेतलं होतं. सर्वांत मोठा फटका एक्स्ट्रूजन विभागाला बसला होता. काय चालू, काय बंद, कुणी काय करायचं: तीन ओळी आणि पुढची वेळ.

दुपारी ३
ऑस्लोत वित्तप्रमुख आयविन्द कालेविक पत्रकारांसमोर बसले. परिस्थिती गंभीर आहे हे त्यांनी मान्य केलं, बॅकअपवरून यंत्रणा पुन्हा उभी करायचा बेत सांगितला, आणि सगळं पूर्ववत कधी होईल याची तारीख दिली नाही.

२६ मार्च
आठवडा उलटला तरी एक्स्ट्रूजन विभागाचं उत्पादन ७० ते ८० टक्क्यांवरच होतं आणि त्यातलं इमारतींच्या साहित्याचं काम जवळजवळ ठप्प होतं. सात वाजताच्या मेलमध्ये कुणी "संध्याकाळपर्यंत सुरळीत होईल" लिहिलं असतं, तर त्या संध्याकाळनंतरच्या प्रत्येक मेलवर लोकांनी शंका घेतली असती. दुरुस्तीची वेळ आपल्या हातात नसते. पुढच्या मेलची असते. वचन द्यायचं ते तेवढ्याचंच.