शब्दाच्या वजनाची कुळकथा

दस्तऐवजांच्या ढिगातून प्रश्नाशी निगडित असे कागद वर आणणे आणि बाकीचे खाली सारणे, या विद्येच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात शब्दाचे वजन सांगणारे एक सूत्र आढळते: log(N/n). संग्रहात एकूण दस्तऐवज N असतील आणि त्यांपैकी n दस्तऐवजांत तो शब्द आला असेल, तर या भागाकाराचा लॉगरिथम म्हणजे त्या शब्दाचे वजन. हे सूत्र ज्या लेखातून निघाले असे सर्वत्र सांगितले जाते, तो १९७२ सालचा ‘जर्नल ऑफ डॉक्युमेंटेशन’मधला लेख, मुळातून पाहावा एवढ्याच हेतूने मी उघडला, आणि ज्या लॉगरिथमच्या शोधात गेलो होतो त्याचा तेथे मागमूस नव्हता. त्याच्या जागी होत्या दुपटीने चढत जाणाऱ्या पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांच्या आधी, लेखाच्या अगदी आरंभी, शब्दाची विशिष्टता त्याच्या अर्थावरून नव्हे तर त्याच्या वापरावरून ठरवावी असे प्रतिपादन होते. या प्रतिपादनाचे कूळ शोधता शोधता मी गणिताच्या दप्तरातून निघून तत्त्वज्ञानाच्या दारात येऊन पोहोचलो.

लेखिका कॅरन स्पार्क जोन्स. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातल्या हडर्सफील्ड येथे १९३५ साली तिचा जन्म झाला. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात तिने इतिहास अभ्यासिला, त्यावर काही काळ तत्त्वज्ञान अभ्यासिले, आणि पुढे मार्गारेट मास्टरमन यांच्या ‘केंब्रिज लँग्वेज रिसर्च युनिट’मध्ये ती दाखल झाली. तेथे यंत्राकरवी भाषांतर करण्याची उमेद होती आणि त्यासाठी समानार्थी शब्दांचे कोश हाताशी धरले जात होते. स्पार्क जोन्सचा १९६४ सालचा प्रबंधही समानार्थत्वावरचाच आहे. शब्द मोजून त्यांना वजन देण्याची रीत घालून देणारी ही विदुषी मोजणीच्या शाखेतून आलेली नव्हती, शब्दार्थाच्या शाखेतून आली होती, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सारे प्रतिपादन तिच्यावर उभे आहे.

त्या काळी ग्रंथालयशास्त्रात ‘विशिष्टता’ हा अर्थाचा गुण मानला जाई. ‘पेय’ हा शब्द व्यापक, ‘चहा’ हा विशिष्ट, म्हणून शोधाच्या कामी ‘चहा’ अधिक उपयोगी, अशी ती विचारसरणी. स्पार्क जोन्सने हेच पेयांचे उदाहरण घेऊन तिला छेद दिला. संग्रहातले शंभर कागद चहाविषयीच असतील आणि ‘पेय’ हा शब्द त्यांतल्या दोनच कागदांवर असेल, तर त्या संग्रहापुरता ‘चहा’ हाच व्यापक आणि ‘पेय’ हाच विशिष्ट. कारण ‘चहा’ म्हटल्याने शंभर कागद पुढ्यात येतात आणि ‘पेय’ म्हटल्याने दोन. कोशातली व्याप्ती आणि दप्तरातली व्याप्ती या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि शोधणाऱ्याचे काम दप्तराशी असते. आपल्याकडेही ज्याच्या शब्दाला वजन असते तो माणूस बहुधा मितभाषी असतो.

आता त्या पायऱ्या. एखादा शब्द किती दस्तऐवजांत आला ते मोजावे. एकाच कागदात तो पाच वेळा आला तरी तो कागद एकदाच धरावा. ही संख्या n. एकापासून दुप्पट करीत जावे, १, २, ४, ८, आणि n इतकी किंवा तिच्याहून मोठी संख्या गाठण्यास किती वेळा दुप्पट करावे लागते ते पाहावे. ती पायरी f(n). मग वजन म्हणजे f(N) − f(n) + 1. क्रॅनफील्डच्या दोनशे दस्तऐवजांच्या संग्रहात हे सूत्र लावले, तर नव्वद दस्तऐवजांत आलेल्या शब्दाचे वजन २ भरते आणि तीनच दस्तऐवजांत आलेल्याचे ७.

दाखल्यासाठी एका ग्रामपंचायतीच्या दप्तरातले आठ कागद कल्पू या. पहिला, शाळेच्या छपराच्या दुरुस्तीसाठी अर्ज. दुसरा, रस्त्याच्या दुरुस्तीसाठी अर्ज. तिसरा, पुलाच्या दुरुस्तीसाठी अर्ज. चौथा, विहिरीच्या दुरुस्तीसाठी अर्ज. पाचवा, विहिरीतला गाळ काढण्यासाठी अर्ज. सहावा, दिवाबत्तीसाठी अर्ज. सातवा, विहिरीचा कठडा ढासळल्याची तक्रार. आठवा, पाटाच्या पाण्याबाबत तक्रार. कोणी येऊन ‘विहिरीच्या कठड्याच्या दुरुस्तीसाठी अर्ज’ मागतो. त्याला हवा तो मामला सातव्या कागदात आहे. परंतु तो कागद नावाने अर्ज नाही, आणि ‘दुरुस्ती’ हा शब्दही त्यात नाही.

केवळ जुळलेले शब्द मोजले, तर चौथ्या कागदाचे विहीर, दुरुस्ती व अर्ज असे तीन शब्द जुळतात आणि तो अग्रस्थानी बसतो. सातव्याचे विहीर व कठडा हे दोनच जुळतात. पण छप्पर, रस्ता, पूल आणि गाळ यांच्या कागदांचेही दोन-दोनच जुळत असल्याने सातवा कागद पाच जणांच्या गर्दीत हरवतो. आता वजने लावून पाहा. आठ म्हणजे तिसरी पायरी. ‘अर्ज’ सहा कागदांत, तोही तिसऱ्या पायरीवर, म्हणून वजन १. ‘दुरुस्ती’ चार कागदांत, वजन २. ‘विहीर’ तीन कागदांत, तीही दुसऱ्याच पायरीवर, वजन २. ‘कठडा’ एकाच कागदात, वजन ४. चौथ्या कागदाची बेरीज दोन, दोन आणि एक मिळून पाच. सातव्याची दोन आणि चार मिळून सहा. सातवा कागद वर येतो. कठडा म्हणजे काय, हे यंत्राला कोणी सांगितलेले नाही. तो शब्द या दप्तरात विरळा आहे एवढेच त्याने पाहिले.

या पायऱ्यांच्या जागी लॉगरिथम आला तो स्टीफन रॉबर्टसन यांच्यामुळे. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात त्यांनी लिहिलेल्या टिपणात पायऱ्या गाळून सरळ log(N/n) घ्यावा असे सुचविले. त्याने काय साधते ते आपल्या दप्तरातच दिसते. पायऱ्यांच्या हिशेबात छप्पर, रस्ता, पूल आणि गाळ या चारही कागदांची बेरीज तीन होती, कारण तीन आणि चार या संख्या एकाच पायरीवर बसतात. दोनच्या पायावरचा लॉगरिथम घेतला, तर ‘विहीर’ सुमारे १.४ आणि ‘दुरुस्ती’ नेमकी १ भरते. मग गाळाचा कागद इतर तिघांच्या वर सरकतो, आणि विहिरीबद्दल विचारणाऱ्याला तेच हवे असते. एक फरक मात्र नोंदवून ठेवण्याजोगा आहे. आठही कागदांत आलेल्या शब्दाला पायऱ्यांच्या सूत्रात शेवटच्या +1 मुळे एक वजन उरते, तर लॉगरिथममध्ये ते शून्य होते. लेखिकेला सर्वत्र आढळणारा शब्दही टाकून द्यावयाचा नव्हता.

मग हा लॉगरिथम आला कोठून? अनेकांचे उत्तर तयार असते: क्लॉड शॅनन यांच्या माहिती-सिद्धांतातून, कारण तेथेही विरळ घटनेची ‘माहिती’ लॉगरिथमनेच मोजतात. हे साम्य मोहक आहे, परंतु त्यावरून कूळ ठरविणे मला मान्य नाही. शॅनन यांचे माप परस्परांना वगळणाऱ्या आणि ज्यांच्या संभाव्यतांची बेरीज एक भरते अशा संदेशांचे आहे; एका कागदात विहीर, कठडा आणि अर्ज हे तिन्ही शब्द सुखाने एकत्र नांदतात. रॉबर्टसन यांचे स्वतःचे समर्थन निराळे होते. शब्द परस्परांपासून स्वतंत्र मानले, तर सगळे शब्द एका कागदात योगायोगाने येण्याची संभाव्यता म्हणजे एकेकट्या संभाव्यतांचा गुणाकार, आणि लॉगरिथम त्या गुणाकाराची बेरीज करून देतो. हे समर्थन सबळ आहे, पण ते जन्मानंतरचे आहे; बारशाच्या दिवशी मांडलेली पत्रिका ती.

मूळ लेख स्वतः बोट दाखवितो ते झिप्फ यांच्या वक्राकडे. कोणत्याही मोठ्या संग्रहात थोडे शब्द अतोनात वेळा येतात आणि असंख्य शब्द एकदा-दोनदाच येतात. शब्द वारंवारतेच्या क्रमाने लावले, तर क्रमांक दुप्पट झाला की वारंवारता साधारण निम्मी होते. ज्या वक्राची उतरण दुपटी-निमपटीने चालते, त्याला दुपटीच्याच पायऱ्या शोभतात. लेखात या दुव्याचा विस्तार नाही. परंतु जे नाते मी येथे जोडले तेच लेखिकेच्या मनात होते, अशी माझी खात्री आहे.

राहिला तो आरंभीचा प्रश्न, अर्थाऐवजी वापर हा विचार कोणाचा. मार्गारेट मास्टरमन या लुडविग विट्गेन्श्टाइन यांच्या केंब्रिजमधील शिष्या होत्या, आणि शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात शोधावा ही विट्गेन्श्टाइन यांच्या उत्तरायुष्यातील शिकवण विख्यात आहे. त्या शिष्येच्या हाताखाली वाढलेली, तत्त्वज्ञान शिकलेली स्त्री जेव्हा ‘अर्थ नव्हे, वापर’ असे लिहिते, तेव्हा तो योगायोग आहे असे मानण्यास माझे मन धजत नाही. प्रतिपक्ष असे म्हणेल की हा विचार निव्वळ प्रयोगांतून आला: शब्दांचे आपोआप गट पाडण्याच्या तिच्या आधीच्या प्रयोगांत अतिवारंवार शब्द गटांत आले की निष्पत्ती बिघडे, म्हणून तिचे लक्ष वारंवारतेकडे वळले. हे खरेच आहे, आणि मी ते नाकारीत नाही. पण प्रयोगाने ‘वारंवार शब्द त्रास देतात’ एवढेच सांगितले असते. ‘विशिष्टता’ या संज्ञेचीच व्याख्या बदलून टाकण्याचे धाडस प्रयोगशाळेतून येत नाही, त्याला तात्त्विक शिक्षण लागते. या दुव्याचा लेखी दाखला मजपाशी नाही. तरी मी तो खरा धरून चालतो.

पुढची वंशावळ सर्वज्ञात आहे. एका कागदात शब्द किती वेळा आला हे मोजण्याची कल्पना आय.बी.एम.च्या हान्स पीटर लून यांनी १९५७ सालीच मांडली होती. जेरार्ड सॉल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती या वजनाशी गुणली. आणि १९९४च्या सुमारास लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीतील रॉबर्टसन प्रभृतींनी BM25 हे सूत्र सिद्ध केले, ज्यात कागदाची लांबीही हिशेबात धरली जाते.

मराठीपुरती एक गोष्ट मात्र येथे सांगितलीच पाहिजे, कारण ती इंग्रजी पुस्तकांत सापडावयाची नाही. वरच्या दाखल्यात मी विहिरीच्या, विहिरीतला, विहिरीचा ही सारी रूपे ‘विहीर’ या एकाच शब्दात जमा केली. यंत्राला ते आपोआप उमगत नाही. रूपे जशीच्या तशी ठेवली, तर त्यांतले प्रत्येक एकेकाच कागदात येते आणि प्रत्येकाला कठड्याइतके, म्हणजे चारचे, फुकटचे वजन मिळते. प्रश्नातले ‘कठड्याच्या’ आणि कागदातला ‘कठडा’ तर जुळतच नाहीत. मग चौथ्या कागदाची बेरीज सातवर जाते आणि हवा असलेला सातवा कागद शून्यावर येऊन तळाला बसतो. नुसते प्रत्यय तोडूनही भागत नाही, कारण ‘विहिरीच्या’मधून ‘च्या’ काढले की ‘विहिरी’ उरते, ‘विहीर’ नव्हे, आणि ‘कठड्या’चा ‘कठडा’ करावा लागतो तो वेगळाच. म्हणून मराठी दस्तऐवजांची सूची करणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे की, वजने लावण्यापूर्वी एकदाच आलेल्या शब्दांची यादी काढून ती डोळ्यांखालून घालावी. तिच्यात एकाच शब्दाची सामान्यरूपे दाटीने बसलेली दिसली, तर सूत्राला हात न लावता आधी ती रूपे मूळ शब्दाखाली आणावीत.