दंड भरले, तरी मन का भरत नाही?

जिमला जाणाऱ्या मुलाबद्दल आपल्याकडे एक ठरलेले मत आहे. पोरगा व्यसनांपासून लांब आहे, शरीर कमावतो आहे. थोडे अति करत असेल, पण वयच तसे आहे. ‘मी अजून बारीकच दिसतो’ हे त्याचे म्हणणे म्हणजे नखरा, नाहीतर चिकाटी. मनासारखी बॉडी झाली की होईल शांत. आणि दोष द्यायचाच झाला, तर तो इन्स्टाग्रामला द्यावा.

या मताचा पाया असा, की असमाधानाचे कारण शरीरातली उणीव आहे आणि ती भरली की असमाधान संपेल. हा पायाच कच्चा आहे.

अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये १०८ पुरुष बॉडीबिल्डरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतले नऊ जण चांगले पिळदार असूनही स्वतःला लहान आणि दुबळे समजत होते. लोकांना आपले अंग दिसू नये म्हणून काही जण उन्हाळ्यातही जाड, सैल कपडे घालत. उणीव भरून समाधान मिळणार असते, तर ते सर्वांत आधी यांना मिळायला हवे होते. पुढे १९९७ मध्ये या अवस्थेला ‘मसल डिसमॉर्फिया’ हे नाव मिळाले. इन्स्टाग्राम तेव्हा जन्मालाही आले नव्हते.

यावर कुणी म्हणेल, वजने उचलणारा प्रत्येक जण थोडाफार असाच असतो. याचे उत्तर २००० सालच्या एका तुलनेत मिळते. ऑलिव्हार्डिया, पोप आणि हडसन यांनी हा विकार असलेले २४ तरुण आणि नसलेले ३० तरुण समोरासमोर ठेवले. दोन्ही गट नेमाने वजने उचलणारेच होते. विकार असलेले तरुण आपण पुरेसे पिळदार नाही या विचारात दिवसाचे पाच तासांहून अधिक घालवत; बाकीच्यांचा हा वेळ सुमारे ४० मिनिटे होता. पहिल्या गटात नैराश्य, चिंता, खाण्याचे विकार आणि स्टिरॉइडचा वापर जास्त आढळला. उरलेले तीस जण मात्र सामान्य विद्यार्थ्यांसारखेच निघाले. म्हणजे जिमला जाणे हे या विकाराचे लक्षण नव्हे, आणि तिथली मेहनत हे त्याचे मापही नव्हे.

पूर्वपक्षात एक अंश खरा आहे: पिळदारपणाचा आदर्श समाजच पुरवतो. त्याच वर्षी ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि अमेरिकेतल्या तरुणांना संगणकावर कमी-जास्त स्नायूंच्या आकृत्या दाखवून स्वतःची, हवीशी आणि स्त्रियांना आवडेल अशी आकृती निवडायला सांगितले. हवीशी आकृती त्यांच्या स्वतःच्या शरीरापेक्षा सुमारे १३ किलो जास्त स्नायूंची निघाली. स्त्रियांनाही तशीच आवडत असणार, असे त्यांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात स्त्रियांनी साधी, जादा स्नायू नसलेली आकृती निवडली. हा गैरसमज सर्रास आहे, विकार मात्र थोड्यांनाच होतो. पडद्यावरच्या छायाचित्रांनी ओढ वाढते हे मान्य. पण त्या ओढीने कुणाचा दिवस गिळावा आणि कुणाचा नाही, हे केवळ छायाचित्रांवरून सांगता येत नाही.

मग स्नायू वाढले तरी चैन का पडत नाही? जादा स्नायूंसाठी स्टिरॉइड घेतले की शरीर स्वतःचे टेस्टोस्टेरॉन बनवणे कमी करते. औषध थांबवताच ताकद आणि आकार ओसरू लागतो, मन खचते, आणि ‘मी लहान होतो आहे’ ही भीती आता खरीच ठरते. मग पुन्हा सुई. स्टिरॉइड न घेणाऱ्याचेही वेगळ्या वाटेने तेच होते. आरशात पाहिले की क्षणभर जीव थंडावतो, म्हणून तो पुन्हा पाहतो, आणि प्रत्येक वेळी नवी खोट हेरतो. म्हणूनच २०१३ च्या अमेरिकी निदान-पुस्तिकेत हा विकार ‘बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर’चा एक प्रकार म्हणून, मंत्रचळाच्या शेजारी ठेवला आहे.

यातून उपायाची दिशा कळते. ‘अरे, केवढा धिप्पाड दिसतोस!’ हे आश्वासन तासभर टिकते आणि उद्या पुन्हा मागितले जाते. मानसोपचारात आरसा पाहण्याची, अंग मोजण्याची, झाकण्याची सवय टप्प्याटप्प्याने सोडवतात. गरजेनुसार मंत्रचळावरची औषधेही देतात. खास या प्रकारावरचे संशोधन अजून थोडे आहे. उपचार मुख्यतः मूळ विकाराच्या अनुभवावर बेतलेले असतात.

घरच्यांनी म्हणूनच दंडाचा घेर विचारू नये. एक दिवस व्यायाम चुकला तर बेचैन होतो का, दुखापत असतानाही वजने उचलतो का, जिमसाठी परीक्षा, नोकरी किंवा लग्नकार्य टाळले का, हे विचारावे. उत्तरे होकारार्थी असतील, तर त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. बॉडी पुरी होण्याची वाट पाहू नये. त्याच्या नजरेत ती पुरी होत नाही, हाच तर आजार आहे.