मोंबासाची हलीमाबाई आणि कोकणातले घर

१८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांच्यासमोर एक प्रश्न आला. खोजा आणि कच्छी मेमन हे मुसलमान आहेत, पण वारसा वाटताना त्यांच्यात हिंदूंसारखी रूढी चालते आणि मुलींना वाटा मिळत नाही. मुलींचे म्हणणे होते की आम्ही मुसलमान आहोत, तर कुरआनने ठरवलेला हिस्सा आम्हाला मिळावा. पेरींनी रूढी मान्य केली आणि मुली हरल्या. पुढे जवळजवळ शंभर वर्षे मुंबई-कच्छच्या मेमन कुटुंबांत वारशाचा कायदा धर्मावरून नाही, तर रूढीवरून ठरत राहिला.

याच समाजातली काही कुटुंबे व्यापारासाठी पूर्व आफ्रिकेत गेली आणि मोंबासात कायमची स्थायिक झाली. तिथला एक वारसाचा दावा चढत चढत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला. हाजी इस्माईल मिठू यांच्या कुटुंबातला हा वाद १९१५ साली निकाली निघाला. एका बाजूला अब्दुररहीम, दुसऱ्या बाजूला विधवा हलीमाबाई. हलीमाबाईने मुस्लीम कायद्याप्रमाणे आपला हिस्सा मागितला. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की आम्ही कच्छी मेमन आहोत, आमची रूढी आम्ही सोबत आणली आहे, आणि त्या रूढीप्रमाणे विधवेला वारस म्हणून असा हिस्सा मिळत नाही.

प्रिव्ही कौन्सिलने इथे एक महत्त्वाचा फरक केला. एखादे कुटुंब हिंदुस्थानातच एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गेले, तर ते आपला जुना कायदा सोबत घेऊन जाते असे धरले जाते. नवी रूढी त्याने स्वीकारली, असे ज्याला म्हणायचे असेल त्याने ते सिद्ध करावे. पण मुसलमान कुटुंब देश सोडून दुसऱ्या देशात जाते आणि तिथल्या मुसलमानांत मिसळून वसते, तेव्हा त्याने तिथल्या लोकांचा कायदा स्वीकारला असे मानावे. ही गोष्ट रूढी बदलण्यासारखी नाही, अधिवास बदलण्यासारखी आहे. हलीमाबाई जिंकली. मुंबईतल्या मेमन बाईला जे मिळत नव्हते ते मोंबासातल्या मेमन बाईला मिळाले, कारण तिच्या घरच्यांनी समुद्र ओलांडला होता.

भारतातल्या मेमन स्त्रियांना यासाठी आणखी थांबावे लागले. १९२० च्या कायद्याने ज्याला हवे त्याने जाहीर निवेदन करून मुस्लीम कायदा स्वीकारावा अशी सोय केली. १९३७ साली शरीयत कायदा आला आणि १९३८ च्या कच्छी मेमन कायद्याने वारशापुरता सगळ्या कच्छी मेमनांना मुस्लीम कायदा लागू झाला.

हा इतिहास आज सांगण्याचे कारण असे की माणूस देश सोडतो तेव्हा त्याचा वारसाचा कायदा कधी बदलतो आणि कधी बदलत नाही, हा प्रश्न आता आपल्या कोकणातल्या हजारो घरांत आहे. कुणी आखातात आहे, कुणी इंग्लंडमध्ये, कुणी दक्षिण आफ्रिकेत. घर मात्र रत्नागिरी-रायगडात आहे.

याचे उत्तर एका जुन्या विभागणीत आहे. मिळकतीचे दोन भाग पाडायचे. जमीन आणि घर म्हणजे स्थावर. पैसा, ठेवी, शेअर, दागिने म्हणजे जंगम. स्थावर मिळकत ज्या देशाच्या मातीवर उभी आहे त्या देशाचा कायदा तिला लागतो. मालक कुठे राहत होता, कुठे वारला, याचा तिथे संबंध नाही. जंगम मिळकत मात्र माणसाच्या मागे जाते आणि तिला मृत्यूच्या वेळी त्याचा अधिवास ज्या देशात होता तिथला कायदा लागतो. भारतात हा नियम १८६५ च्या वारसा कायद्यात लिहिला गेला आणि तिथून १९२५ च्या कायद्याच्या कलम ५ मध्ये आला. कलम ४ मध्ये हिंदू आणि मुसलमानांना त्या भागातून वगळले आहे. तरी आपल्याकडची न्यायालये तेच तत्त्व न्यायाचा सर्वसाधारण नियम म्हणून धरून चालतात.

एक उदाहरण घेऊ. माणूस काल्पनिक आहे, हिशेब खरा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातला एक गृहस्थ तरुणपणी इंग्लंडला गेला, तिथेच कायमचा राहिला आणि मृत्युपत्र न करता वारला. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. आई-वडील आधीच वारलेले. गावचे घर ८० लाखांचे. मुंबईच्या बँकेत ४० लाखांची मुदत ठेव. इंग्लंडमधले घर नवरा-बायकोच्या संयुक्त नावावर होते, ते तिथल्या नियमाने थेट पत्नीकडे गेले.

आधी गावचे घर पाहू. ते भारतात आहे, म्हणून भारताचा कायदा, आणि भारताचा कायदा मुसलमानाच्या बाबतीत मुस्लीम वैयक्तिक कायद्याकडे बोट दाखवतो. मुले असल्यामुळे पत्नीला आठवा हिस्सा, म्हणजे १० लाख. उरलेल्या ७० लाखांचे पाच भाग. प्रत्येक मुलाला दोन भाग म्हणजे २८ लाख, मुलीला एक भाग म्हणजे १४ लाख. इंग्लंडमधल्या न्यायालयाचा कागद आणला तरी या घराची वाटणी बदलत नाही.

आता मुदत ठेव. बँक मुंबईत, पैसे रुपयांत, म्हणून इथेही हाच हिशेब लागेल असे बहुतेकांना वाटते. पण ठेव जंगम आहे, आणि या माणसाचा अधिवास इंग्लंडचा. तिला इंग्लंडचा कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल तर तिथे जोडीदाराला आधी एक ठरावीक रक्कम मिळते. जुलै २०२३ पासून ती ३,२२,००० पौंड आहे. त्यावर काही उरले तर निम्मे जोडीदाराला आणि निम्मे मुलांना, मुलगा-मुलगी समान. आपल्या गृहस्थाची तिथली शिल्लक आणि ही ठेव मिळून त्या रकमेच्या खूप आत आहे. म्हणजे ४० लाख पूर्ण पत्नीचे. मुस्लीम कायदा लागला असता तर तिला ५ लाख मिळाले असते, प्रत्येक मुलाला १४ आणि मुलीला ७. एकाच माणसाचा मृत्यू, एकच कुटुंब, पण घराच्या चार भिंती एका कायद्याखाली आणि बँकेतली रक्कम दुसऱ्या.

म्हणूनच भांडण बहुतेक वेळा अधिवासाभोवती फिरते. अधिवास म्हणजे नुसते राहणे नव्हे, आणि पासपोर्टही नव्हे. जन्माने मिळालेला अधिवास माणसाला चिकटून राहतो. तो तुटायला दोन गोष्टी एकत्र लागतात, दुसऱ्या देशात प्रत्यक्ष वास्तव्य आणि तिथेच कायमचे राहण्याचा इरादा. कुवेत-दुबईत तीस वर्षे नोकरी केलेला आपला माणूस व्हिसा नोकरीशी बांधलेला ठेवतो, कुटुंब गावी ठेवतो, घर बांधतो आणि शेवटी परततो. त्याचा इरादा परतण्याचा होता, म्हणून भारतातल्या न्यायालयात त्याचा अधिवास भारतातलाच मानला जाईल आणि त्याच्या जंगम मिळकतीलाही मुस्लीम कायदाच लागेल. इंग्लंडला गेलेल्याचे तसे नाही. तिथे त्याने घर घेतले, मुले तिथेच वाढली, दफनाची जागाही तिथेच ठरवली, तर हे सगळे कोर्टासमोर इराद्याचा पुरावा म्हणून येते. उलट तो दरवर्षी गावी येऊन ‘निवृत्तीनंतर इथेच राहणार’ असे म्हणत असेल आणि तशी पत्रे असतील, तर तीही पुरावाच ठरतात.

मृत्युपत्राने हा पेच सुटेल असे पुष्कळांना वाटते. इंग्लंडचा कायदा माणसाला जवळजवळ सगळी मिळकत कुणालाही देऊ देतो. पण ‘सगळे पत्नीला’ असे इंग्लंडमध्ये लिहिलेले मृत्युपत्र गावच्या घरापाशी येऊन अडते. त्या घराला मुस्लीम कायदा लागतो, आणि त्यात वारसाच्या नावाने केलेले मृत्युपत्र इतर वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही. वारस नसलेल्या व्यक्तीला किंवा संस्थेला द्यायचे असेल तर मर्यादा एक तृतीयांशाची. मुलगे-मुलगी राजी असतील तर आईला पूर्ण घर मिळते. एक जण जरी नाराज असला, तरी त्याच्या हिश्श्यापुरते ते मृत्युपत्र लागू होत नाही.

सगळे देश ही स्थावर-जंगम विभागणी मानत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. युरोपीय संघाचा २०१२ चा वारसा नियम ऑगस्ट २०१५ पासून लागू आहे. त्यात माणूस शेवटी नेहमी जिथे राहत होता तिथला एकच कायदा साऱ्या मिळकतीला लावतात, परदेशातल्या घरालाही. ब्रिटन, आयर्लंड आणि डेन्मार्क त्यात नाहीत. म्हणजे पॅरिसला स्थायिक झालेल्याच्या कोकणातल्या घराला फ्रान्सचे न्यायालय फ्रेंच कायदा लावू शकते, आणि रत्नागिरीचे न्यायालय मुस्लीम. घर मात्र रत्नागिरीत आहे, ताबाही तिथेच द्यायचा आहे, म्हणून शेवटी चालते ते रत्नागिरीचे.

गावाकडे चूक होते ती वेगळीच. मोठा मुलगा किंवा पुतण्या तलाठ्याकडे वारस नोंद लावतो, फेरफार होतो आणि परदेशातल्या बहिणीचे नाव त्यात नसते. तिला सांगितले जाते, ‘तू तिकडची झालीस, तुला इकडचा कायदा लागत नाही.’ वर पाहिले तसे हे घराच्या बाबतीत सरळ खोटे आहे. तिचा पासपोर्ट कुठलाही असो, वडिलांच्या घरातला तिचा हिस्सा वडिलांच्या मृत्यूच्या क्षणीच तिचा झाला. फेरफार हा महसुलाचा कागद आहे. तो मालकी देत नाही आणि काढूनही घेत नाही. मात्र त्या नोंदीच्या जोरावर घर विकले गेले, तर नंतर दिवाणी दावा लांबतो. म्हणून सात-बारा किंवा मिळकत पत्रिकेचा उतारा वडिलांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच काढून पाहावा, आणि नाव नसेल तर लेखी हरकत घ्यावी.

हलीमाबाईच्या वेळी विरुद्ध पक्ष म्हणत होता की आम्ही परदेशात गेलो तरी आमचा जुना कायदाच चालणार, म्हणून तुला हिस्सा नाही. आज गावात बहिणीला ऐकवले जाते की तू परदेशात गेलीस म्हणून तुझा जुना कायदा संपला, म्हणून तुला हिस्सा नाही. दोन्ही युक्तिवाद एकमेकांच्या उलट आहेत आणि दोन्हींचा शेवट एकाच जागी होतो. पहिल्याचे उत्तर १९१५ सालीच मिळाले आहे. दुसऱ्याचे उत्तर ते घर ज्या जमिनीवर उभे आहे तिथेच आहे.