पट्टीवरची तारीख आणि आकाशातला चाँद

वर्ष सरत आले की किराणा दुकानदार, कापडवाला, औषधवाला गिऱ्हाइकाच्या हाती गुंडाळलेले कॅलेंडर देतो. फुकट मिळते म्हणून आपण ते नीट वाचत नाही. पण वर्षभर घराचा दिनक्रम त्याच्यावरच चालतो. मुंबईत १८९४ साली राजा रविवर्म्यांचा छापखाना निघाला. तिथल्या चित्रांखाली पुढे कंपन्यांची नावे येऊ लागली आणि चित्राची जाहिरात झाली. नंतर हा धंदा शिवकाशीने उचलला. आजही वरचे चित्र आणि तारखा तयार येतात, खालची पट्टी कोरी असते आणि गावचा प्रेसवाला तिच्यावर दुकानाचे नाव, फोन नंबर व योजना छापतो. १९७३ साली जयंत साळगावकरांचे 'कालनिर्णय' आले आणि पंचांगाशेजारी सर्व धर्मांचे सण एकाच पानावर पाहण्याची मराठी घरांना सवय लागली.

आमच्या वस्तीतल्या दुकानांच्या कॅलेंडरवर काबा किंवा मदिन्याचा हिरवा घुमट असतो. त्यावर आयत असली तर वर्ष संपल्यावर ते टाकायचे कुठे, हा प्रश्न घरोघरी पडतो. म्हणून जाणते दुकानदार नुसती इमारत निवडतात. पण खरी अडचण चित्रात नसून पट्टीत आहे. मजकूर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये छापायला जातो आणि रमजान ईद ठरते ती आदल्या संध्याकाळी.

२०२४चे उदाहरण घेऊ. अमावास्या संपण्याचा क्षण ८ एप्रिलच्या रात्री ११ वाजून ५१ मिनिटांचा होता. पंचांगवाला हे फार आधी, मिनिटाच्या हिशेबाने सांगू शकतो. त्याच वेळी अमेरिकेत खग्रास सूर्यग्रहण दिसत होते. दुसऱ्या दिवशी ९ तारखेला आपल्याकडे गुढीपाडवा होता. त्या संध्याकाळी महाराष्ट्रात सूर्य मावळला तेव्हा चंद्राचे वय साधारण एकोणीस तास होते. इतकी बारीक कोर डोळ्यांना दिसेल की नाही, हे ती सूर्यापासून किती दूर व क्षितिजापासून किती वर आहे आणि हवा कशी आहे, यावर ठरते. केरळात चाँद जाहीर झाला आणि तिथे १० तारखेला ईद झाली. महाराष्ट्रात रोजे तीस झाले आणि ईद ११ तारखेला आली. गणित कुणाचेच चुकले नव्हते. एक गणित अमावास्येचे होते, दुसरी गोष्ट चाँद दिसण्याची.

आता दुकानदाराने पट्टीवर 'ईद ऑफर ९ एप्रिलपर्यंत' असे छापले असते तर काय झाले असते? खरी चाँदरात १० तारखेला आली. शिरखुर्म्याचा मेवा, बांगड्या, मुलांचे कपडे यांची शेवटची झुंबड त्याच रात्री असते. योजना आदल्या दिवशीच संपलेली, आणि गिऱ्हाईक मात्र कॅलेंडरवर बोट ठेवून भांडते. म्हणून आमच्या मते तारखेऐवजी प्रसंग छापावा : 'चाँदरातीपर्यंत'. ईदच्या चौकटीत 'चंद्रदर्शनानुसार' हा शब्द मुंगीच्या अक्षरांत नको, तारखेइतकाच ठळक हवा.

या कॅलेंडरात एक गंमतही लपलेली असते. शव्वालची पहिली तारीख बहुधा शुद्ध द्वितीया किंवा तृतीयेला येते, कारण चाँद दिसतो तो अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी. म्हणून २०२२ मध्ये ३ मे रोजी आणि २०२३ मध्ये २२ एप्रिल रोजी रमजान ईद आणि अक्षय्य तृतीया एकाच चौकटीत बसल्या. सराफाला एकाच पट्टीवर दोन सणांची योजना छापता आली. मग २०२३चा अधिक श्रावण मध्ये आला. हिजरी सनात अधिक महिना नसतो, म्हणून पुढची ईद एका महिन्याने मागे सरकून चैत्रात, पाडव्याच्या शेजारी गेली.

हाच मेळ ईद-ए-मिलादला जड गेला. रबीउल अव्वलची १२ तारीख म्हणजे साधारण शुद्ध त्रयोदशी-चतुर्दशी. २०२३ मध्ये २८ सप्टेंबरला मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आल्या. विसर्जनाच्या दिवशी रस्त्यावर दोन गर्द्या नकोत म्हणून मुंबईत जुलूस दुसऱ्या दिवशी निघाला आणि सरकारने २९ची सुट्टी जाहीर केली. पुढे मुंबई शहर व उपनगरांतली सुट्टी २०२४ मध्ये १६ वरून १८ सप्टेंबरवर आणि २०२५ मध्ये ५ वरून ८ सप्टेंबरवर नेली. चाँद जिथल्या तिथे होता. माणसांनी आपसांत बोलून दिवस हलवला. भिंतीवरच्या पानावर मात्र जुनीच तारीख लाल होती. शाळेत शिक्षकांना आणि मुलांना तोंडी सांगावे लागे की, लाल चौकोन पाहू नका, नोटीस पाहा.

२०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ धरला आहे. त्यानंतर मिलाद श्रावणात जातो आणि २०२७ची रमजान ईद फाल्गुनात. तेव्हा पट्टी लिहिणाऱ्याला शेवयांच्या शेजारी पिचकाऱ्यांची योजना छापावी लागेल, आणि 'चंद्रदर्शनानुसार' हा शब्द त्या दोहोंतल्या एकीलाच लागू आहे, हे प्रेसवाल्याला समजावून सांगावे लागेल.